पहिल्या स्पर्धेच्या धनुष्यासाठी निधी मागताना पानावर काय लिहावं

प्रश्न: माझी मुलगी १४ वर्षांची आहे. क्लबच्या धनुष्यावर रिकर्व्ह प्रकारची तिरंदाजी शिकली. आता प्रशिक्षक म्हणतात, स्पर्धेसाठी स्वतःचं धनुष्य हवं. सगळा खर्च आम्हाला झेपणारा नाही, म्हणून क्राउडफंडिंगचं पान काढतोय. मजकूर कसा लिहू? खर्च किती उघड सांगायचा? आणि पैसे जमल्यावर लोकांना काय काय कळवत राहायचं?

उत्तर:

पान लिहायला बसण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. तुम्ही ज्याला ‘धनुष्य’ म्हणताय ती एक वस्तू नाही. स्पर्धेचं रिकर्व्ह सुट्या भागांचं असतं आणि प्रत्येक भागाचं आयुष्य वेगळं. मधला, हातात धरायचा धातूचा भाग म्हणजे रायझर. तो नीट निवडला तर ती मोठ्यांच्या गटात जाईपर्यंत टिकेल. त्याच्या वर-खाली बसणारी, ओढल्यावर वाकणारी पाती म्हणजे लिंब्स. ते मात्र तिची ताकद वाढली की बदलावे लागतील, बहुधा वर्ष-दीड वर्षातच. लिंब्स बदलले की बाणांचाही प्रश्न येतो. तुम्ही आज ‘धनुष्यासाठी’ पैसे जमवलेत आणि पुढच्या वर्षी लिंब्ससाठी पुन्हा पान काढलंत, तर पहिल्यांदा दिलेल्या माणसाला साहजिकच वाटणार, की आम्ही दिलेल्या धनुष्याचं काय झालं? त्याला कोणी फसवलेलं नसतं, पण तसं वाटतं. म्हणून कोणता भाग राहणार आणि कोणता जाणार हे पहिल्या दिवशीच पानावर आलं पाहिजे. बाकीचा मजकूर त्याच्याभोवती आपोआप उभा राहतो.

मी लहान वयाच्या तिरंदाजांची धनुष्यं जुळवून देते, त्यामुळे अशी पानं माझ्याकडे वाचायला येतात. बहुतेक पानांत मुलीच्या जिद्दीवर चार परिच्छेद असतात आणि खर्चावर एक ओळ. तुम्ही प्रमाण उलटं ठेवा.

आधी लिंब्सचं गणित समजून घ्या, कारण जाणकार देणगीदार पहिला प्रश्न त्यावरच विचारेल. लिंबवर जो पौंडांचा आकडा छापलेला असतो तो साधारणपणे २५ इंची रायझरवर, २८ इंच ओढल्यावर मिळणारा जोर असतो. तुमच्या मुलीचा ड्रॉ, म्हणजे ती दोरी जितकी मागे ओढते ते अंतर, २६ इंच असेल असं धरू. एक इंच कमी ओढलं की साधारण दोन पौंड कमी होतात. म्हणजे ‘३०’ छापलेल्या लिंब्सवर तिच्या बोटांना येणार सुमारे २६. रायझरच्या बोल्टांनी हे थोडं कमी-जास्त करता येतं. सगळा फेर धरला तरी दहा टक्क्यांच्या आसपास, त्यापलीकडे नाही. ती आज क्लबच्या धनुष्यावर बोटांवर २२ पौंड ओढत असेल, तर बोल्ट सैल ठेवून २५ पासून सुरुवात करायची आणि काही महिन्यांत २७ पर्यंत न्यायचं, एवढं हे लिंब्स देतील. पुढे नाही.

मग एकदम ३६ चे घेऊन टाकले तर? दुकानदार हे सुचवतोच, आणि पैसे वाचतात म्हणून पालकांनाही पटतं. पण ज्या मुलीला शेवटच्या सहा बाणांत धनुष्य स्थिर धरता येत नाही, तिचा खांदा वर चढतो, पाठ वापरायची सवय मोडते, आणि खांदा चढवायची सवय नंतर सोडवणं लिंब्सच्या किमतीपेक्षा महाग पडतं. पात्रता फेरीत ७२ बाण असतात, सरावाचे वेगळे. पहिल्या सहा बाणांवरून पौंड ठरवायचे नसतात.

आता अंतर. जागतिक संघटनेच्या नियमांत १८ वर्षांखालील रिकर्व्ह गट ६० मीटरवर मारतो, लक्ष्य १२२ सेंटिमीटरचं. २१ वर्षांखालच्यांना आणि मोठ्यांना ७० मीटर. बोटांवर २५-२६ पौंड असताना ६० मीटरला हलका कार्बन बाण पोचतो, पण साईट इतकी खाली सरकवावी लागते की सुटलेल्या बाणाची पिसं साईटला घासू लागतात. म्हणून तिची पहिली स्पर्धा १८ मीटरची इनडोअर किंवा लहान अंतराची असावी, हे तिच्या प्रशिक्षकांशी बोलून ठरवा आणि तसंच लिहा. ‘राष्ट्रीय’, ‘ऑलिंपिक’ हे शब्द पानावर नकोत. त्या शब्दांनी पैसे येतात खरे, पण पुढची प्रत्येक बातमी त्यांच्यापुढे लहान दिसते.

खर्चाकडे येऊ. किमती जागेप्रमाणे आणि चलनाप्रमाणे इतक्या बदलतात की आकडे देण्यात अर्थ नाही. म्हणून सगळ्या सामानाची किंमत १०० भाग धरून एक नमुना देते. तुमच्या लेखी कोटेशनमधले आकडे त्यात घाला. प्रमाण थोडं इकडे-तिकडे होईल, रचना हीच ठेवा.

> रायझर, २५ इंची, राईट हँड: २६. हा बरीच वर्षं राहील.
> लिंब्स, शॉर्ट, ३० पौंडी, मध्यम प्रतीचे: १६. हे वर्ष-दीड वर्षात बदलतील.
> कार्बन बाण, १२: १६. यांतले काही मोडतील, काही हरवतील.
> साईट: १२. राहील.
> स्टॅबिलायझर: १२. सध्या क्लबचा वापरणार, त्यासाठी पैसे मागत नाही.
> बटन आणि रेस्ट, बाणाला बाजूने आणि खालून आधार देणारे: ५.
> दोन स्ट्रिंग आणि स्ट्रिंगर: ३. स्ट्रिंग झिजते.
> बॅग: ५.
> टॅब, आर्मगार्ड, चेस्टगार्ड, क्विव्हर: ५. तिच्याकडे आहेत, पैसे मागत नाही.

या यादीत ‘पैसे मागत नाही’ असं दोनदा आलंय, ते मुद्दाम. आपल्याकडे काय आहे आणि काय उसनं मिळतंय हे लिहिलं की उरलेल्या आकड्यावर विश्वास बसतो. १०० मधून १२ आणि ५ गेले, राहिले ८३. कोटेशन आणि प्रत्यक्ष खरेदी यांच्यामध्ये दर हलतात, वाहतूक किंवा आयात शुल्क वाढतं, त्यासाठी ३ भाग राखीव धरा. पण ‘इतर खर्च’ अशी मोघम ओळ नको. ‘दरवाढीसाठी राखीव, न लागल्यास जादा बाण’ असं स्पष्ट लिहा. झाले ८६. त्यातले २३ तुम्ही घरचे घालणार असाल तर लोकांकडून हवेत ६३.

इथे एक छोटा हिशेब बहुतेकांचा चुकतो. क्राउडफंडिंगचा मंच आणि पैसे पोचवणारी सेवा मिळून जमलेल्या रकमेतून काही टक्के कापून घेतात. कपात ८ टक्के असेल तर लोक ६३ मध्ये त्याचे ८ टक्के मिळवतात आणि ६८ चं लक्ष्य ठेवतात. पण कपात ६३ वर होत नाही, जमलेल्या सगळ्या रकमेवर होते. ६८ मधून ८ टक्के गेले की हातात ६२.६ उरतात. बरोबर रीत भागाकाराची:

```
लक्ष्य = हवी असलेली निव्वळ रक्कम ÷ (1 − कपातीचा दर)
       = 63 ÷ 0.92
       = 68.5
```

फरक लहान आहे, पण शेवटच्या हिशेबात तुटीचं कारण सांगत बसावं लागतं, ते टळतं. कपातीची ओळ पानावर वेगळी दाखवा. मंच काय घेतो हे देणाऱ्याला कळायला हवं. प्रवास, प्रवेश फी, राहणं हे या पानात मिसळू नका. धनुष्याच्या पानात प्रवास आला की हिशेब कधीच बंद होत नाही.

यादीत क्लिकर नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. कोणी ना कोणी विचारणारच, ‘स्पर्धेचं धनुष्य आणि क्लिकर नाही?’ क्लिकर म्हणजे बाणाचं टोक ठरलेल्या जागी आलं की टक् वाजणारी पातळ पट्टी. ती रायझरवर बसते, म्हणून बाणाची लांबी ड्रॉला तंतोतंत जुळलेली लागते. वाढत्या वयात हात लांबतात. म्हणून बाण इंच-दीड इंच जास्त लांब ठेवणं शहाणपणाचं असतं. आखूड पडलेला बाण ओढताना रेस्टच्या मागे घसरून हातावर सुटू शकतो, लांब बाणाला हा धोका नाही. बाण लांब तर क्लिकर रायझरवर जमत नाही. साईटच्या दांड्यावर बसणारा क्लिकर मिळतो, पण तिचा ड्रॉ स्थिरावेपर्यंत थांबायला हरकत नाही. पानावर एवढंच लिहा: ‘क्लिकर पुढच्या वर्षी. ती अजून वाढतेय.’ जाणकाराला तेवढं पुरतं.

आता प्रत्यक्ष मजकूर. मी असा लिहीन:

> आमची मुलगी १४ वर्षांची आहे. ती क्लबच्या रिकर्व्ह धनुष्यावर तिरंदाजी शिकली. ते धनुष्य आणखी दोन मुलं वापरतात, त्यामुळे त्याची साईट आणि बोल्ट प्रत्येक वेळी बदलतात आणि तिला स्वतःच्या खुणा ठेवता येत नाहीत. तिच्या प्रशिक्षकांच्या मते पुढच्या इनडोअर हंगामात १८ मीटरच्या स्पर्धेत उतरण्याइतकी तिची तयारी आहे. त्यासाठी तिला स्वतःचं धनुष्य हवं आहे.
>
> आम्ही सर्वांत महागडं धनुष्य घेत नाही. रायझर चांगला घेतोय, कारण तो राहणार आहे. लिंब्स मध्यम प्रतीचे घेतोय, कारण तिची ताकद वाढली की ते बदलावे लागतील. म्हणजे साधारण वर्ष-दीड वर्षाने लिंब्सचा खर्च पुन्हा येईल. तो या निधीत धरलेला नाही. तो आम्ही घरून करणार आहोत आणि त्यासाठी पुन्हा पान काढणार नाही.
>
> एकूण खर्चातला चौथ्या हिश्शाहून थोडा जास्त वाटा आमचा आहे. उरलेल्यासाठी आपल्याकडे येत आहोत. खर्चाची यादी खाली आहे. कोटेशनची तारीख यादीच्या वर दिली आहे.
>
> पदकाचं वचन आम्ही देत नाही. पैसे कुठे गेले आणि सराव कसा चालला आहे, हे मात्र कळवत राहू.

दुसऱ्या परिच्छेदातलं शेवटचं वाक्य तुम्हाला पाळता येणार असेल तरच लिहा. नसेल तर ‘त्या वेळी पुन्हा विचारू, देण्याचं बंधन कोणावर नाही’ असं लिहा. दोन्ही चालतात. चालत नाही ते गप्प राहणं.

पहिल्या परिच्छेदात गरज कशी सांगितली आहे ते पाहा. ‘क्लबचं धनुष्य जुनं आहे’ असं लिहिलं तर क्लबला वाईट वाटतं आणि वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. ‘तिला स्वतःच्या खुणा ठेवता येत नाहीत’ हे खरं कारण आहे. १८ मीटरची साईटची खूण, दोरीचं रायझरपासूनचं अंतर, दोरीवर बाण अडकवायची जागा म्हणजे नॉकिंग पॉइंटची उंची, बटनाचा ताण, यातलं एक जरी दुसऱ्या मुलाने हलवलं तरी तिचा कालचा सराव आज लागू पडत नाही. तुमच्या क्लबात कारण वेगळं असेल तर तुमचं कारण लिहा, हे उचलू नका.

पानाच्या शेवटी तीन गोष्टी आणखी हव्यात. निधी कमी पडला तर काय, जास्त जमला तर काय, आणि तिने खेळ सोडला तर काय. तिसरं लिहायला पालकांच्या जिवावर येतं, पण देणाऱ्याच्या मनात ते असतंच.

> निधी अर्धवट राहिला तर आधी रायझर आणि लिंब्स घेऊ, साईट क्लबची वापरू आणि बॅग घेणार नाही. ठरलेली रक्कम जमली की पान बंद करू. बंद होईपर्यंत जास्त आलेली रक्कम पुढच्या लिंब्ससाठी वेगळी ठेवू आणि तेवढा आमचा खर्च कमी झाला असं कळवू. दोन वर्षांच्या आत तिने खेळ सोडला तर रायझर आणि साईट क्लबला देऊ. पहिले लिंब्स बदलल्यावर तेही क्लबला जातील.

अर्धवट निधीची ओळ लिहिताना प्रशिक्षकांना विचारून घ्या, की साईट खरोखर मिळणार का. क्लबच्या नावाने परस्पर वचनं द्यायची नाहीत.

एक गोष्ट हमखास घडते, तिचीही तयारी ठेवा. पैशांऐवजी लोक जुनं सामान देऊ करतात. कोणाच्या माळ्यावर चाकांचं कंपाऊंड धनुष्य पडलेलं असतं, कोणाकडे भावाचे ४० पौंडी लिंब्स. नाही म्हणायला संकोच वाटतो आणि घरात निरुपयोगी सामानाचा ढीग होतो. त्यापेक्षा पानावरच लिहा: ‘२५ इंची, राईट हँड, आयएलएफ रायझर किंवा २८ ते ३० पौंडी शॉर्ट लिंब्स कोणाकडे असतील तर आनंदाने घेऊ आणि तेवढी रक्कम लक्ष्यातून वजा करू. बाकी सामान कृपया देऊ नये.’ आयएलएफ ही लिंब्स बसवण्याची सर्वमान्य खाच आहे. ती असेल तर वेगवेगळ्या कंपन्यांचे रायझर आणि लिंब्स एकमेकांत बसतात. जुने लिंब्स घरी आणले तर दोरी चढवून मागून पाहा. दोरी दोन्ही लिंब्सच्या मधोमध दिसायला हवी. एका बाजूला झुकत असेल तर आधी लिंब्सची जुळवणी तपासा, आणि तरी झुकली तर लिंब पिळलेला आहे. मग दोरी उतरवून कापसाचा बोळा लिंबच्या कडेवरून फिरवा. तंतू अडकले तर तिथे बारीक चीर आहे. असा लिंब फुकट मिळाला तरी नको.

खरेदीचा क्रम पानावर सांगायचा नसतो, पण बातम्या त्याच क्रमाने जातील म्हणून तो आधी ठरवा. सगळं एकदम मागवू नका. आधी रायझर, लिंब्स, दोरी, बटन आणि रेस्ट. हे जोडून ती दोन-तीन आठवडे क्लबच्या बाणांवर, जवळून, मारेल. धनुष्य बदललं की उभं राहणंही जरा बदलतं आणि ड्रॉ अर्धा इंच इकडे-तिकडे होतो. तो स्थिरावला की स्केल लावून तिच्या ड्रॉवर बोटांवर किती पौंड येतात ते मोजायचं, आणि मग बाण. बाणाचा ताठपणा पौंडांवर आणि बाणाच्या लांबीवर ठरतो. लांब बाण जास्त वाकतो, म्हणून दीड इंच जादा ठेवणार असाल तर तक्त्यात बाणाची पूर्ण लांबी धरून ताठपणा निवडायचा, ड्रॉची नाही. पैसे हातात आहेत म्हणून बाण आधी घेतले आणि ते चुकीचे निघाले, तर १६ भाग वाया जातात. बारा मऊ बाण परत कोणी घेत नाही.

यातून एक गोष्ट निघते. पैसे जमल्यावरही महिनाभर तुमच्याकडे दाखवायला पूर्ण धनुष्य नसेल. लोकांना शंका येण्याआधी तुम्हीच कळवा. बातम्या तारखेला बांधू नका, ‘दर रविवारी’ असलं वचन तिसऱ्या आठवड्यात मोडतं. प्रसंगाला बांधा: ऑर्डर दिली, सामान आलं, बाण ठरले, सरावाचे आकडे आले, स्पर्धा झाली, हिशेब बंद झाला. प्रत्येक बातमीत पैशांची एक ओळ असावी, काही खर्च झाला नसला तरी. दुसरी बातमी साधारण अशी:

> रायझर, लिंब्स, दोऱ्या, बटन आणि रेस्ट आले. कोटेशनपेक्षा वाहतूक १ भाग जास्त लागली, ती राखीवमधून घेतली. बिलाचा फोटो खाली आहे. बाण अजून मागवलेले नाहीत. नव्या धनुष्यावर तिचा ड्रॉ स्थिर झाल्यावर मोजून मागवू, म्हणून तीनेक आठवडे थांबतोय. तोपर्यंत बाणांची रक्कम खात्यात तशीच आहे.

बिलाचा फोटो टाकताना पत्ता, फोन, खाते क्रमांक झाका. फोटोबद्दलच आणखी एक. तिला विचारल्याशिवाय तिचा चेहरा टाकू नका आणि पान प्रसिद्ध होण्याआधी तिला पूर्ण वाचायला द्या. या वयात वर्गातली मुलं हे पान वाचतात. मैदानाचं नाव आणि सरावाची वेळ एकत्र कधीही नको. धनुष्याचे, हातांचे, लक्ष्यावरच्या बाणांचे फोटो पुरतात आणि खरं सांगायचं तर जास्त सांगतात.

बाण आले की बातमी द्यायला एक चांगलं निमित्त असतं, ते म्हणजे बिनपिसांच्या बाणाची चाचणी. १८ मीटरवर पिसं लावलेले तीन-चार बाण आणि एक बिनपिसांचा बाण मारायचा. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बिनपिसांचा बाण गटाच्या डावीकडे गेला तर बाण ताठ पडतोय, उजवीकडे गेला तर मऊ. थोडा डावीकडे लागला तर वाढत्या मुलीसाठी ते बरंच, कारण पौंड वाढले की तेच बाण जुळत येतील. लक्ष्याचा एक फोटो आणि ही दोन वाक्यं टाका. बारा बाणांवर १६ भाग का गेले, हे देणाऱ्याला त्या एका फोटोत दिसतं.

सरावाच्या आकड्यांबद्दल मात्र सावध राहा. तीच मुलगी, तेच धनुष्य, पण ८० ऐवजी १२२ सेंटिमीटरचं लक्ष्य लावलं की गुण वाढतात. अंतर कमी केलं की वाढतात. नकळत असं होतं आणि आलेखाची रेषा सुंदर वर जाते. म्हणून एकच मोजमाप धरा आणि वर्षभर बदलू नका. ३० मीटर, ८० सेंटिमीटरचं लक्ष्य, ३६ बाण, महिन्यातून एकदा, आधी ठरवलेल्या दिवशी. चांगला दिवस निवडून नाही. आणि नवं धनुष्य हातात आल्यावर गुण घटतात, हे आधीच सांगून ठेवा. पौंड वाढलेले असतात, रायझर जड असतो, पकड वेगळी असते. बातमी अशी जाईल:

> क्लबच्या धनुष्यावर शेवटची मोजणी: ३६ बाणांत २६२, म्हणजे बाणाला ७.२८. नव्या धनुष्यावर पहिली: २४१, म्हणजे ६.६९. हे अपेक्षित होतं. आधी बोटांवर २२ पौंड होते, आता २५ आहेत. शेवटच्या १२ बाणांत गुण जास्त घटले, म्हणजे दमछाक होतेय. प्रशिक्षकांनी बाणांची संख्या कमी करून हळूहळू वाढवायला सांगितलं आहे. पौंड सध्या वाढवणार नाही. एक बाण मोडला, अकरा राहिले.

असं लिहिलं की लोक पैसे परत मागतील अशी भीती पालकांना वाटते. उलट होतं. ज्याला खेळातलं काही कळत नाही तोही २४१ चा आकडा वाचून पुढच्या महिन्याची वाट पाहतो. दोन-तीन महिन्यांनीही गुण जुन्या आकड्यापर्यंत आले नाहीत आणि घट सतत शेवटच्या बाणांतच दिसत असेल, तर पौंड जास्त झालेत. बोल्ट सैल करा आणि तेही कळवा. घट सगळ्या बाणांत सारखी विखुरलेली असेल तर धनुष्याची जुळणी तपासायला हवी.

स्पर्धेच्या बातमीत क्रमांकाआधी गुण द्या. इनडोअरला ६० बाण, कमाल ६००. ‘६० बाणांत ४२६’ हे वाक्य ‘सतरावी आली’ यापेक्षा जास्त सांगतं, कारण सतरावी किती जणींत हे दर वेळी बदलतं. एखादा बाण लक्ष्याबाहेर गेला असेल तर तोही लिहा. आणि तिला दोन ओळी स्वतः लिहायच्या असतील तर लिहू द्या, तुम्ही सुधारू नका.

जाता जाता एक सूचना, पानाशी तिचा संबंध थोडाच आहे. पैसे दिलेले नातेवाईक, शेजारी धनुष्य बघायला येतात आणि ‘जरा ओढून बघू’ म्हणतात. बाण न लावता दोरी सोडली की सगळा जोर लिंब्समध्येच परत जातो आणि लिंब चिरू शकतो. धनुष्य दाखवताना दोरी उतरवूनच दाखवा. कोणी रागावलं तर रागावू दे.

हिशेबाची शेवटची बातमी पहिल्या यादीच्याच क्रमाने द्या, नाव तेच, ओळ तीच, समोर कोटेशनची रक्कम आणि प्रत्यक्ष लागलेली रक्कम. नव्या ओळी घालू नका. यादीत नसलेलं काही घ्यावं लागलं असेल, समजा धनुष्य ठेवायचा स्टँड, तर तो घरच्या पैशांतून घ्या आणि खाली तसं लिहा. राखीवमधलं काय उरलं, त्याचे किती बाण आले, मंचाने नेमकी किती कपात केली, हे येऊ द्या. मग पान बंद करा. पैसे स्वीकारणं थांबलं तरी बातम्या टाकता येतात की नाही हे मंचावर आधीच पाहून ठेवा, कारण लिंब्स बदलाल तेव्हा एक बातमी द्यायची राहिलेली असेल: पहिले लिंब्स क्लबमध्ये कोणाच्या हाती गेले, किती पौंडांवर, आणि तिच्या रायझरवर आता कोणते चढले.